डक्टमधला उणा आकडा

ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावांची नावे घेतली की साखर कारखान्यांच्या चिमण्या डोळ्यांसमोर येतात. गळीत हंगाम लागला की बॉयलर रात्रंदिवस पेटलेला असतो आणि त्यात उसाचाच चोथा, म्हणजे बगॅस, जळत असतो. भट्टीतून निघालेला तप्त वायू आधी पाण्याच्या नळ्यांना, मग इकॉनॉमायझरला आणि शेवटी एअर हीटरला उष्णता देत देत आयडी फॅनपर्यंत पोहोचतो आणि चिमणीतून बाहेर पडतो. या शेवटच्या टप्प्यावर, पत्र्याच्या मोठ्या डक्टला एक लहानसा तापमापक खोचलेला असतो. तो काय दाखवतो ते लॉगशीटवर तासातासाला उतरवले जाते. बॉयलर किती उष्णता वाया घालवतो याचा हिशेब करताना हाच आकडा सगळ्यात आधी लागतो.

हा आकडा चुकला तर बहुतेक वेळा खालच्या बाजूलाच चुकतो, आणि त्यामागे योगायोग नाही. तापमापक अगदी नवा असो, प्रयोगशाळेतून तपासून आणलेला असो, उकळत्या पाण्यात चोख १०० अंश दाखवणारा असो, डक्टवर बसवला की तो दहा, पंधरा, कधी पंचवीस अंशांनी कमी दाखवू शकतो. यात उपकरण खोटे बोलत नाही. ते ज्या वस्तूला टेकलेले आहे तिचे तापमान ते खरेच सांगते. ती वस्तू म्हणजे गॅस, असे मात्र नसते.

ती वस्तू म्हणजे थर्मोवेल. एका टोकाला बंद असलेली ही पोलादी नळी डक्टच्या पत्र्याला वेल्ड केलेल्या सॉकेटमध्ये आट्यांनी बसवतात. तिचे बंद टोक गॅसमध्ये असते, उघडे तोंड बाहेर. तापमापक त्या तोंडातून आत सरकवायचा. डायल बिघडली किंवा आरटीडी तुटली तर बॉयलर बंद न करता ती काढता यावी आणि उडत्या राखेने उपकरण झिजू नये, यासाठी ही सोय. पण सोयीची किंमत अशी की गॅस आणि तापमापक यांच्यामध्ये आता पोलादाचा एक दांडा आला. त्याचे एक टोक गरम गॅसमध्ये आहे आणि दुसरे टोक बाहेरच्या गार हवेच्या बाजूला. पोलादातून उष्णता वाहते. गॅसकडून घेतलेली उष्णता नळी बुडाकडे, म्हणजे सॉकेटकडे नेत राहते आणि सॉकेट ती बाहेर सोडून देते. तळाला छिद्र असलेल्या रांजणात नळ सोडून ठेवला तर पाणी काठाशी टेकत नाही, जितके येते तितके जाते अशा पातळीवर थांबते. थर्मोवेलच्या टोकाचे तापमानही तसेच गॅसच्या खाली कुठेतरी स्थिरावते.

किती खाली? ते दोन गोष्टींच्या ओढाताणीवर ठरते. गॅस नळीला किती जोराने उष्णता देतो ही एक, आणि पोलाद ती किती सहज पळवून नेते ही दुसरी. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत यासाठी एक छोटे सूत्र आहे. बॉयलरच्या किंवा मोटारसायकलच्या इंजिनाच्या पंखांना, म्हणजे फिनला, लागू पडते तेच सूत्र इथे चालते, कारण थर्मोवेल ही उष्णतेच्या दृष्टीने एक फिनच आहे:

```
(Tg - Tr) / (Tg - Tb) = 1 / cosh(mL)
m = sqrt( h P / (k A) )
```

यात Tg हे गॅसचे खरे तापमान, Tr हे टोकाचे म्हणजे तापमापकाने दाखवलेले, आणि Tb हे नळी गॅसमध्ये शिरते त्या बुडाचे. L म्हणजे गॅसमध्ये प्रत्यक्ष बुडालेली लांबी. P हा नळीचा बाहेरचा घेर, A हे पोलादाच्या कड्याचे आडव्या छेदातले क्षेत्रफळ, k ही पोलादाची उष्णतावाहकता. राहिला h, म्हणजे एका चौरस मीटरमागे आणि एका अंशाच्या फरकामागे गॅस किती वॅट उष्णता देतो ते. cosh हे बटण मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर सापडते.

सूत्राची डावी बाजू नीट पाहिली तर गोष्ट सोपी होते. बुड गॅसपेक्षा जितके थंड आहे, त्या फरकाचा किती हिस्सा टोकापर्यंत झिरपतो, एवढेच ती सांगते. mL हा गुणाकार १ असेल तर ६५ टक्के फरक टोकाला पोहोचतो. २ असेल तर २७ टक्के, ३ ला १० टक्के, ५ ला दीड टक्क्याहूनही कमी. म्हणजे सगळा खेळ mL मोठा करण्याचा आहे.

आता एक नमुना घेऊ. पुढचे आकडे कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत, पण एअर हीटरनंतरच्या डक्टवर दिसतील असे आहेत. थर्मोवेल साध्या पोलादाची, बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३ मिलिमीटर. गॅसमध्ये बुडालेली लांबी १०० मिलिमीटर. सॉकेटभोवतीचे लॅगिंग कधीतरी दुरुस्तीसाठी काढले होते आणि परत लावायचे राहून गेले, त्यामुळे तिथे पत्रा उघडा आहे. डायल १५० अंश दाखवते. सॉकेटच्या मुळाशी स्पर्श-तापमापक टेकवला तर ९५ अंश.

घेर भागिले क्षेत्रफळ, म्हणजे P/A, या मापांसाठी मीटरमागे ३९२ येते. साध्या पोलादाचा k ५० धरू. गॅस सेकंदाला आठेक मीटर वेगाने वाहत असेल तर अशा नळीवर h सुमारे ६० येतो. मग m म्हणजे ६० गुणिले ३९२ भागिले ५० याचे वर्गमूळ, २१.७. लांबी ०.१ मीटर असल्याने mL झाला २.१७, cosh झाला ४.४४ आणि झिरपणारा हिस्सा ०.२२५. आता गॅसचे तापमान काढायचे: १५० मधून ०.२२५ पट ९५ वजा करा आणि उरलेल्याला ०.७७५ ने भागा. उत्तर येते १६६. डायल १६ अंशांनी मागे आहे.

सोळा अंश म्हणजे किती मोठी गोष्ट? निम्मा ओलावा असलेल्या बगॅसच्या एका किलोत सुमारे २,२७० किलोकॅलरी उष्णता असते आणि तो जाळल्यावर जवळपास पाच किलो गॅस तयार होतो. ती सगळी पाच किलो हवा-वाफ-धूर सोळा अंशांनी जास्त गरम बाहेर पडत असेल तर किलोमागे वीसेक किलोकॅलरी हिशेबात न येता चिमणीतून जातात. इंधनाच्या उष्णतेचा हा जवळपास एक टक्का. दिवसाला अडीच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात सुमारे सातशे टन बगॅस निघते. ती सगळी बॉयलरमध्ये गेली तर रोज सहा-सात टन बगॅसची उष्णता कागदावर न दिसता बाहेर जाते. थर्मोवेलमुळे ही बगॅस वाया जाते असे मात्र नव्हे. ती आधीपासूनच जात असते, फक्त कुणाला कळत नाही. एअर हीटरच्या नळ्यांवर राखेचा थर साचत आलेला असतो, आणि डायल मात्र सगळे आलबेल असल्याचे सांगत राहते.

आता हीच नळी तशीच ठेवून एकेक गोष्ट बदलून पाहू. साध्या पोलादाऐवजी स्टेनलेस स्टील वापरले तर k सोळाच्या आसपास येतो. गॅसची उष्णता पळवून नेणारी वाट अरुंद झाली, mL ३.८३ वर गेला आणि चूक सोळावरून तीन अंशांवर आली. किंवा पोलाद तेच ठेवून बुडालेली लांबी १०० ऐवजी २०० मिलिमीटर केली तर चूक दोन अंशांच्या आत येते. दोन्ही एकदम केले तर ती एका अंशाच्या दहाव्या भागाहून कमी होते, म्हणजे संपलीच. लांबीचा परिणाम इतका तीव्र असण्याचे कारण cosh मध्ये आहे: L दुप्पट झाली की चूक निम्मी होत नाही, झिरपणारा हिस्सा साधारण स्वतःच्या वर्गाच्या निम्म्यावर येतो.

म्हणूनच थर्मोवेलच्या मापात सगळ्यात जास्त घोळ लांबीचा होतो. स्टोअरमधून २०० मिलिमीटरची वेल आणली म्हणजे २०० मिलिमीटर गॅसमध्ये गेली असे नसते. सॉकेट पत्र्यापासून उंच असेल, मधे लॅगिंगची जाडी ओलांडावी लागत असेल, तर निम्मी वेल त्या गळ्यातच अडकते. गळ्यातला गॅस जवळपास स्थिर असतो. तो नळीला उष्णता देत नाही, उलट तिथून ती बाहेर जाते. हिशेबात L म्हणून घ्यायची ती वाहत्या गॅसमधली लांबी, कॅटलॉगमधली नव्हे.

त्याच कारखान्यात, तीच वेल उसाच्या रसाच्या पाइपला लावली तर ही सगळी चर्चा निरर्थक ठरते. वाहता द्रव धातूला गॅसच्या कैक पट जोराने उष्णता देतो. रसासाठी h दोन हजार धरला तर त्याच १०० मिलिमीटरच्या वेलचा mL साडेबारा होतो आणि चूक अंशाच्या हजाराव्या भागात जाते. ज्यूस हीटरवर वर्षानुवर्षे बरोबर चाललेल्या वेलचा नमुना डक्टला लावला जातो आणि तिथे तो गळतो, याचे कारण हेच. उष्णता देण्यात गॅस कंजूष असतो.

इथपर्यंतचे गणित परीक्षेतल्या गणितासारखे झाले. परीक्षेत h दिलेला असतो. डक्टवर तो कुणी लिहून ठेवलेला नसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. वरच्या नमुन्यात h ६० ऐवजी ४० निघाला तर गॅसचे तापमान १६६ ऐवजी १७७ येते, ९० निघाला तर १५९. म्हणजे तीच डायल, तेच १५० अंश, तेच बुड, आणि चूक नऊपासून सत्तावीस अंशांपर्यंत काहीही असू शकते. वळणाजवळ गॅसचा वेग एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतो. बगॅसची हलकी राख वेलवर बसली की ती गोधडीसारखी काम करते आणि h आणखी घटतो. गाळप कमी झाले की वेग कमी होतो. लॉगशीटवरच्या प्रत्येक आकड्यात सोळा मिळवून 'दुरुस्त' तापमान लिहिण्याचा मोह म्हणूनच आवरावा. या अंदाजाचे काम चूक किरकोळ आहे की गंभीर एवढे ठरवणे आहे. गंभीर निघाली तर वेल बदलायची. आकड्याला ठिगळ लावायचे नाही.

मात्र h ठाऊक नसतानाही चूक मोजण्याची एक साधी आणि देखणी युक्ती आहे. तिला लागते फक्त ग्लासवुलची एक गादी आणि स्पर्श-तापमापक.

सूत्रात बुडाचे तापमान Tb आहे आणि ते बाहेरून बदलता येते. बॉयलरचा भार स्थिर असताना आधी दोन आकडे टिपायचे: डायल १५०, बुड ९५. मग सॉकेटभोवतीचा उघडा पत्रा आणि वेलचे बाहेरचे डोके ग्लासवुलने नीट गुंडाळायचे, स्पर्श-तापमापकाचे टोक आतच त्याच जागी ठेवून. अर्धा-पाऊण तास थांबायचे. बुड तापत जाते आणि त्याच्या मागोमाग डायलही चढते. समजा बुड १३५ वर स्थिरावले आणि डायल १५९ वर. गॅस तोच होता. बुड ४० अंशांनी वाढले आणि डायल ९ अंशांनी. ९ भागिले ४० म्हणजे ०.२२५. झिरपणारा हिस्सा थेट हातात आला, h, k, P, A कशाचीही गरज न पडता. आता पुन्हा तेच: १५० मधून ०.२२५ पट ९५ वजा, भागिले ०.७७५, बरोबर १६६.

गुंडाळल्यावर डायल जागची हललीच नाही तर त्यातूनही काही कळते: वहनाची चूक नगण्य आहे, संशय दुसरीकडे घ्या. एक काळजी मात्र घ्यावी लागते. या अर्ध्या तासात गॅसचे तापमान खरोखर बदलता कामा नये, नाहीतर भट्टीतला चढउतार वेलच्या खात्यावर जमा होतो. वाफेचा भार आणि इकॉनॉमायझरवरचे तापमान सोबत टिपून ठेवले की हे ताडता येते. आणि बुडाचा वाढलेला फरक मोठा हवा. बुड पाच अंशांनी आणि डायल एका अंशाने चढली, एवढ्यावर भागाकार करत बसण्यात अर्थ नाही, कारण डायलचे एक घर इकडेतिकडे वाचले की उत्तर बदलते.

ही चाचणी ज्यांना पकडू शकत नाही, असे डायल उतरवणारे आणखी प्रकार आहेत. आयडी फॅनमुळे डक्टमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. सॉकेटचे आटे सैल असतील किंवा वेल्डला भेग असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नेमकी वेलच्या बुडावर येऊन पडते. तिथला आवाज कान देऊन ऐकला किंवा उदबत्तीचा धूर जवळ नेला तर तो आत खेचला जाताना दिसतो. हे दुखणे गुंडाळल्याने बरे होत नाही, टेफ्लॉन टेप किंवा गॅस्केट बदलून सील केल्यानेच होते. दुसरा प्रकार तापमापक वेलच्या तळाला टेकलेलाच नसण्याचा. आरटीडी वेलपेक्षा आखूड आली, तर तिचे टोक वेलच्या मधल्या, अधिक थंड भागात लटकत राहते. स्प्रिंगने तळाला दाबून बसणारी आरटीडी म्हणूनच वापरतात. द्विधातू डायलमध्ये तर संवेदनशील भाग दोन इंचांच्या आसपास लांब असतो आणि तो त्या सगळ्या लांबीचे सरासरी तापमान सांगतो. सूत्र फक्त टोकाचे तापमान देते, त्यामुळे प्रत्यक्षातली डायल सूत्रापेक्षाही थोडी खाली असते. १०० मिलिमीटरच्या आखूड वेलमध्ये डायल वापरणे हे म्हणून दुहेरी नुकसानीचे काम.

किरणोत्सर्जनाने जाणारी उष्णता हाही एक हिस्सा आहे. एअर हीटरनंतर, लॅगिंग केलेल्या डक्टमध्ये, समोरचा पत्रा गॅसच्या जवळपास तापलेला असल्यामुळे हा हिस्सा लहान राहतो. भट्टीच्या तोंडाशी, हजार अंशांच्या आसपास आणि पाण्याने थंड राहणाऱ्या नळ्या समोर असताना मात्र तो वहनाला मागे टाकतो. तिथे वेलचे गणित सोडून गॅस शोषून घेणारा सक्शन पायरोमीटर वापरावा लागतो.

इतके सगळे वाचल्यावर कुणी म्हणेल, मग वेल सरळ अर्धा मीटर लांब करा की. इथे दुसऱ्या शास्त्राची हद्द लागते. वाहत्या गॅसमध्ये उभ्या असलेल्या नळीच्या मागे आलटून पालटून भोवरे सुटतात आणि नळीला आडवे हलवतात. २० मिलिमीटरच्या नळीवर, सेकंदाला आठ मीटर वेगात, हे सेकंदाला सुमारे ८० वेळा होते. २०० मिलिमीटरची वेल स्वतःच्या तालावर सेकंदाला सव्वाचारशेच्या वर वेळा थरथरते, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. लांबी दुप्पट केली की वेलचा स्वतःचा ताल चौथाईवर, १०८ च्या आसपास उतरतो. गॅसचा वेग अकरा मीटरपर्यंत गेला की भोवऱ्यांचा ताल तिथेच पोहोचतो. पातळ गॅसमध्ये जोर कमी असल्याने डक्टमध्ये वेल लगेच मोडेल असे नाही, पण घट्ट प्रवाहात हीच गोष्ट महागात पडते. जपानमधल्या मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी द्रवरूप सोडियमच्या पाइपमधली थर्मोवेल अशाच प्रवाहजन्य कंपनांनी मोडली, गरम सोडियम बाहेर पडून पेटले आणि भट्टी कित्येक वर्षे बंद राहिली. अमेरिकेच्या एएसएमई संस्थेने थर्मोवेलसाठी बनवलेले मानक मुख्यतः तिच्या मजबुतीबद्दल, अशा कंपनांबद्दल बोलते. तापमान किती उणे दाखवेल हा हिशेब वापरणाऱ्यालाच करावा लागतो.

साखर कारखान्याच्या डक्टसाठी त्यातला मध्यम मार्ग असा निघतो: स्टेनलेस स्टीलची, दोनशे-अडीचशे मिलिमीटर खरोखर गॅसमध्ये जाणारी, पातळ टोकाची वेल, तळाला टेकणारी आरटीडी, आणि सॉकेटभोवती पत्रा दिसणार नाही असे लॅगिंग. जागा निवडताना वळण आणि एअर हीटरचे तोंड टाळायचे, कारण तिथे डक्टच्या एका बाजूचा गॅस दुसरीपेक्षा सहज वीस अंशांनी वेगळा असतो आणि तसे असेल तर उत्तम वेलही एकाच बाजूची बातमी सांगते.

वेल बदलली की लॉगशीटवर दुसऱ्याच दिवशी १५० च्या जागी १६५ दिसते आणि बॉयलर एका रात्रीत बिघडल्यासारखा वाटतो. हंगामाच्या मध्यावर असे घडले की शिफ्टवरचा अटेंडंट एअर हीटरला दोष देतो आणि वरिष्ठ लोक नव्या आरटीडीला. हे टाळायचे तर वेल बदलण्याआधी गुंडाळण्याची चाचणी करून चूक किती आहे ते लिहून ठेवावे, आणि बदल केल्याची तारीख लॉगशीटवर शेऱ्यासह नोंदवावी. मग मागच्या महिन्यांचे कार्यक्षमतेचे आकडे नव्या आकड्यांशी ताडताना कोणते सोळा अंश बॉयलरचे आणि कोणते वेलचे, हे वेगळे करता येते.